सल्लागारीच्या पत्रात अनुभवापेक्षा कामाचं लिहा

प्रश्न : नुकताच बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला अर्धवेळ सल्लागार म्हणून पत्र द्यायचं आहे. मसुद्यात सगळी पदं, बदल्या, बक्षिसं लिहिली आहेत. ठीक आहे का?

साहेब, बदल्यांची यादी काढून टाका. कारखानदाराला एवढंच कळायला हवं की, त्याचं नेमकं कुठलं दुखणं तुम्ही दूर करणार. टॉवेलवाल्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, मंजूर आहे, पण पूर्ण वापरता येत नाही.

समजा, लिमिट १ कोटीचं आहे. माल ८० लाखांचा, त्यात सूतवाल्याचे २० लाख द्यायचे. उरलेल्या ६० लाखांवर २५ टक्के मार्जिन गेलं की ४५ लाख. व्यापाऱ्यांकडे उधारी ७० लाख, पण त्यातली ३० लाख ९० दिवसांपुढची. ती बँक सहसा धरत नाही. राहिलेल्या ४० लाखांवर तेवढंच मार्जिन धरलं तर ३० लाख. म्हणजे ड्रॉइंग पॉवर, प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम, ७५ लाख. मालक म्हणतो, बँक पैसे अडवते; खरं तर पैसे उधारीत अडकलेले असतात. (मार्जिन आणि दिवस मंजुरीपत्रात बघा, प्रत्येकाचे वेगळे.) शिवाय स्टॉक स्टेटमेंट बऱ्याचदा अकाउंटंट मागच्या महिन्याचंच आकडे बदलून देतो. बँकेचा माणूस गोदामात आला की मालाच्या गाठींची संख्या जुळत नाही, आणि मग पुढच्या नूतनीकरणाला त्रास.

पत्रात एवढंच लिहा :

‘महोदय, मी निवृत्त बँक शाखाधिकारी आहे. आपल्या खात्याचं मासिक स्टॉक स्टेटमेंट, येणे रकमांची वयवार यादी आणि लिमिट नूतनीकरणाची कागदपत्रं मी तपासून देऊ शकेन. आठवड्यातून दोन अर्धे दिवस येईन. पहिले तीन महिने करून पाहावं, मग दोघांनी ठरवावं. मानधन दरमहा ठरावीक राहील. कर्ज मंजुरीवर कमिशन घेणार नाही आणि मंजुरीची हमीही देणार नाही. आपली माहिती बाहेर जाणार नाही.’

कमिशनचं वाक्य गाळू नका. आपल्या गावात माजी मॅनेजर दिसला की लोकांना आधी दलालच आठवतो. मानधनाचा आकडा मात्र पत्रात नको, चहाला बसल्यावर सांगा.

हा कारखाना तुमच्याच शाखेचा खातेदार असेल तर माझा सल्ला, दुसरा शोधा. तिथल्या फाइलमध्ये पाहिलेलं इथं वापरलं, असा संशय कुणालाही येईल. आणि पत्र टाकण्याआधी पेन्शनचे नियम वाचा. निवृत्तीनंतर ठरावीक काळात खासगी काम धरायचं तर बँकेची पूर्वपरवानगी लागू शकते. ती लेखी घ्या, तोंडी ‘चालेल हो’ वर जाऊ नका.