बौद्धिक दिव्यांग मुलाला एकट्याने बसने ये-जा करायला कसे शिकवावे? तो १६ वर्षांचा आहे आणि घरचे विरोध करतात.

माझा मुलगा आता १९ वर्षांचा आहे आणि औशाहून लातूरला व्यवसाय प्रशिक्षणासाठी एसटीने एकटा जातो. वीसेक किलोमीटरचा हा प्रवास शिकायला त्याला साडेचार महिने लागले. तुमच्या मुलाला किती लागतील, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

शिकवायला शेवटापासून सुरुवात करा. पहिल्या दिवसांत स्थानकावर जाणे, गाडी ओळखणे, तिकीट काढणे आणि उतरणे हे सगळे मी करत होते; उतरल्यावर प्रशिक्षण केंद्राच्या फाटकापर्यंतचा रस्ता तेवढा त्याच्यावर सोपवला होता. त्यामुळे रोजचा प्रवास त्याने स्वतः पोहोचण्यातच संपायचा. सलग पाच दिवस मी न बोलता, न खुणावता तो टप्पा पार पडला, की त्याच्या आधीचा टप्पा हाती घ्यायचा. मी एका वहीत रोज प्रत्येक टप्प्यापुढे 'स्वतः', 'सांगून' किंवा 'हात धरून' असे लिहीत असे. आईला मुलाचे सगळेच जमल्यासारखे वाटते, म्हणून वही हवी. गाडीत मी आधी त्याच्या शेजारी, मग दोन बाके मागे आणि शेवटी सगळ्यात मागच्या बाकावर बसू लागले.

उतरण्याची खूण ठरवताना माझी चूक झाली. शहरात शिरताना एका वळणावर वाढदिवसाचा मोठा फलक होता. तो दिसला की उठून दाराकडे जायचे, असे मी शिकवले. तीन आठवड्यांनी फलक उतरला आणि मुलगा जागचा हलला नाही. त्यानंतर आम्ही पाण्याची टाकी धरली. खूण नेहमी न हलणारी निवडा, आणि ती थांब्याच्या इतकी आधी असावी की गर्दीतून दारापर्यंत पोहोचायला त्याला वेळ मिळेल.

खरी अडचण पाटीची निघाली. त्याला वाचता येत नाही, पण 'लातूर' हा शब्द तो चित्रासारखा ओळखतो, म्हणून मी निर्धास्त होते. औशाच्या स्थानकात निलंग्याहून लातूरला जाणारी आणि लातूरहून निलंग्याला जाणारी, अशा दोन्ही गाड्या येतात आणि दोन्हींच्या पाटीवर 'लातूर' असते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. एका सकाळी तो निलंग्याच्या गाडीत चढला. मी मागे बसून मुद्दाम गप्प राहिले. कंडक्टरने "कुठं?" विचारले, त्याने "लातूर" म्हणून सुट्ट्या पैशांची पुडी पुढे केली, आणि कंडक्टर म्हणाले, "अरे बाळा, ही तर लातूरहूनच आली." लामजन्याला उतरून आम्ही परतीची गाडी धरली.

त्या दिवसापासून पाटी बाजूला ठेवली. चढण्याआधी दारात उभे राहून "काका, ही गाडी कुठं चालली?" असे विचारायचे आणि उत्तरात 'लातूर' ऐकू आले तरच पाय वर ठेवायचा. "लातूरला जाते का?" असे शिकवू नका. त्याला लोक घाईत नुसते "हो हो" म्हणतात आणि आपली मुलेही तो होकार लगेच धरतात. लातूरवरून पुढे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर पुढच्या गावाचे नाव सांगतो, म्हणून ती गाडी माझा मुलगा सोडून देतो. त्यात अर्धा तास जातो, पण चूक होत नाही.

लामजन्याची गोष्ट कळल्यावर माझे दीर चारचौघांत म्हणाले, "वहिनी, पोराला वाऱ्यावर सोडलंय तुम्ही, गाडीवर सोडायला आम्ही मेलोत का?" त्यांची माया मला कळते. पण तीन वर्षे त्यांनी त्याला रोज मोटारसायकलवर सोडले आणि त्या तीन वर्षांत त्याला रस्त्यावरचे एकही वळण सांगता येत नव्हते. चुकीच्या गाडीत बसण्याची वेळ कधी ना कधी येणारच होती. ती मी मागच्या बाकावर असताना आली, हे बरे झाले, असे माझे मत आजही आहे. तुमच्या घरच्यांना वही दाखवा आणि एकदा मागच्या बाकावर बसवून न्या. वाद घालत बसू नका. मी दोन वर्षे घातला, ती वाया गेली.

एकटे पाठवण्याआधी त्याला अनोळखी असलेल्या, पण तुमच्या विश्वासातल्या माणसाला स्थानकावर पाठवून "चल, सोडतो" असे म्हणायला सांगा. माझा मुलगा पहिल्यांदा लगेच निघाला होता, म्हणून आम्ही आणखी महिनाभर थांबलो. दिव्यांगाचे ओळखपत्र आणि तुमचा फोन नंबर गळ्यात न लटकवता आतल्या खिशात ठेवा. एसटीची ७५ टक्के सवलतही त्याच ओळखपत्रावर मिळते.

मात्र त्याला फिट येत असतील आणि त्या औषधाने आटोक्यात नसतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. मोठा रस्ता ओलांडणे अजून जमत नसेल तर ते वेगळे शिकवा, नाहीतर रस्ता ओलांडावा लागणार नाही असा थांबा शोधा. आम्हाला असा थांबा मिळाला होता.