कनेक्शन चालू, भाव मात्र गोठलेले

प्रश्न: ब्रोकरच्या वेबसॉकेटवरून ऑप्शनचे भाव घेणारी माझी पायथन स्क्रिप्ट मध्येच गप्प होते. एरर काहीच नाही, भाव जुनेच राहतात. पुन्हा जोडायला गेलं की 429 येतो. काय करू?

उत्तर: पलीकडचं टोक न सांगता गेलं, म्हणजे राउटर रीसेट झाला किंवा नेटवर्क बदललं, तर आपल्या बाजूचं सॉकेट उघडंच राहतं आणि `recv()` निवांत वाट बघत बसतं. म्हणून एरर नाही. डिक्शनरीतले शेवटचे भाव तेवढे ताजे असल्यासारखे दिसत राहतात.

यावर टाइमआउट लावायचा, पण कशावर, हा खरा प्रश्न. लांबच्या स्ट्राइकचा पुट दहा मिनिटं हलला नाही तर त्यात वावगं काही नाही. एकेका काँट्रॅक्टचं वय बघाल तर स्क्रिप्ट दिवसभर तुटत-जुळत राहील. मी त्याच कनेक्शनवर मूळ शेअर किंवा इंडेक्सही सबस्क्राइब करतो. बाजार चालू असताना तो काही सेकंद गप्प बसला, की फीड मेलं. हार्टबीटवर मात्र विसंबू नका: हार्टबीट येत असतात आणि सबस्क्रिप्शन केव्हाच गळून पडलेलं असतं. घड्याळ फक्त भावाच्या मेसेजवर पुढे सरकवा आणि त्यासाठी `time.monotonic()` वापरा. सिस्टिमची वेळ दुरुस्त झाली तरी ते मागे जात नाही.

आता 429. समजा 60 स्ट्राइक आहेत, कॉल-पुट मिळून 120 काँट्रॅक्ट. कनेक्शन तुटल्यावर स्क्रिप्ट लगेच जोडते, 120 सबस्क्रिप्शन आणि 120 स्नॅपशॉट एकदम मागते. सेकंदाला 10 विनंत्यांची मर्यादा असेल तर पहिल्या सेकंदातच दार बंद. मग चूक समजून स्क्रिप्ट पुन्हा जोडते, आणि हे चक्र थांबत नाही. ब्रोकर एका मेसेजमध्ये अनेक काँट्रॅक्ट घेत असेल तर तसंच पाठवा. नसेल तर विनंत्या रांगेत लावा आणि अ‍ॅट-द-मनीजवळचे स्ट्राइक आधी घ्या. उत्तरात `Retry-After` असेल तर तेवढं थांबा, नसेल तर हे:

```python
delay = random.uniform(0, min(60, 2 ** attempt))
await asyncio.sleep(delay)
attempt += 1
```

`attempt` शून्यावर कधी आणायचा, इथे बरेच जण फसतात. सॉकेट उघडल्यावर नाही, तर पहिला भाव हातात पडल्यावर. नाहीतर लॉगिन नाकारलं जात असतानाही स्क्रिप्ट दर सेकंदाला दार ठोठावत राहते.

तुटल्याक्षणी सगळे जुने भाव `None` करा. नवा भाव आला की तोच काँट्रॅक्ट वापरात घ्या, बाकीचे नाहीत. अर्धी साखळी जुनी आणि अर्धी नवी असताना काढलेली इम्प्लाइड व्होलॅटिलिटी निव्वळ कचरा असते.

एवढं करूनही भाव मागे राहिले, तर मेसेजमधली एक्सचेंजची वेळ आणि तुमच्याकडे आल्याची वेळ यातला फरक लॉग करा. तो हळूहळू वाढत असेल तर कनेक्शन ठीक आहे, तुमचा लूप मंद आहे. `recv()` शेजारी डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असेल तर ते आधी वेगळ्या टास्कमध्ये न्या.