साठेखत माझ्याशी, खरेदीखत स्वतःच्याच कंपनीला

प्रश्न : जमिनीचं साठेखत करून विसार दिला. भाव वाढल्यावर मालकाने नवी कंपनी काढून जमीन तिच्या नावावर केली. एक जण म्हणतो, कंपनी ही वेगळी व्यक्ती, तिच्याशी तुमचा करारच नाही. दुसरा म्हणतो, सगळे शेअर मालकाचेच, म्हणून कंपनीचा पडदा दूर होतोच, म्हणजे कोर्ट मालक आणि कंपनी यांना वेगळं मानत नाही. कोणाचं बरोबर?

उत्तर : दुसऱ्याचा निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे, पण त्याने दिलेलं कारण टिकणार नाही. 1897 च्या सॉलोमन या इंग्लिश खटल्यात 20,007 पैकी 20,001 शेअर एकट्या सॉलोमनकडे होते. तरीही कंपनी वेगळी आणि तिचं कर्ज तिचंच, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने ठरवलं. तेव्हा नुसत्या मालकीवर भिस्त ठेवू नका.

खरा प्रश्न असा की, आधी काय आलं, जबाबदारी की कंपनी? समजा, जमीन विकायचं वचन तुमच्या जमीनमालकांच्या एखाद्या जुन्या कंपनीनेच दिलं असतं आणि ती बुडाली असती, तर त्यांच्या घरावर तुम्हाला हात घालता आला नसता. तुमच्या बाबतीत मात्र वचन त्यांनी स्वतः दिलं आणि ते पाळावं लागू नये म्हणून कंपनी मध्ये आणली. 1962 च्या जोन्स विरुद्ध लिपमन या इंग्लिश खटल्यात नेमकं हेच घडलं होतं. 5,250 पौंडांना विकायची ठरलेली जमीन लिपमनने 3,000 पौंडांना आपल्याच ताब्यातल्या कंपनीला दिली. कोर्टाने ती कंपनी म्हणजे त्याने तोंडावर धरलेला मुखवटा मानला आणि दोघांनाही करार पुरा करायला लावला.

आपल्याकडे तर पडदा दूर करण्याआधीच एक सरळ वाट आहे. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 19(ब) प्रमाणे, करारानंतर मालमत्ता घेणाऱ्याविरुद्धही करारपूर्ती मागता येते. सुटतो तो फक्त पैसे मोजून, प्रामाणिकपणे आणि कराराची माहिती नसताना घेणारा. साठेखतावर सही करणारेच कंपनीचे संचालक असतील, तर 'माहिती नव्हती' हे कंपनीने कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून दाव्यात हा मुद्दा पहिला मांडा आणि पडद्याचा त्याच्या जोडीला. मालक आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा.

कंपनी निबंधकांच्या नोंदीतून स्थापनेची तारीख, संचालक आणि भागधारक काढा. ही तारीख साठेखतानंतरची निघाली, तर तुमची बाजू खूप बळकट होईल. खरेदीखतातली रक्कम बँकेतून खरंच फिरली का, तेही तपासा. तुम्ही उरलेले पैसे द्यायला तयार होता आणि आहात, याचा पुरावा लागेलच. दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती करारपूर्तीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या व्यवहाराची. कंपनीने जमीन त्रयस्थाला विकली किंवा गहाण टाकली आणि त्याला काहीच माहीत नसलं, तर हेच कलम त्याचं रक्षण करेल. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या. जमीन महाराष्ट्रात असेल तर दावा प्रलंबित असल्याची नोटीसही लगेच नोंदवून घ्या.