विप्रोचा पब्लिक इश्यू नेमका कधी: 1945, 1946, 1995 की 2000?

प्रश्न: "अण्णा, आम्ही मूळचे अमळनेरचे, आता धुळ्यात असतो. आजोबांच्या पेटीत विप्रोचं जुनं शेअर सर्टिफिकेट निघालं. कंपनीचा पब्लिक इश्यू कधी आला, किती रुपयाला दिला आणि लिस्टिंग कधी झालं हे शोधतोय. एका ठिकाणी 1945 दिसतं, दुसरीकडे 1946, एनएसईवर 1995, आणि एका लेखात तर 2000. खरं कोणतं?"

भाऊ, चारही सालं खरी आहेत. फक्त ती चार वेगळ्या घटनांची आहेत.

1945 हे स्थापनेचं साल. 29 डिसेंबर 1945 ला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावानं कंपनीची नोंदणी झाली आणि वनस्पती तुपाचा कारखाना आपल्या अमळनेरला उभा राहिला. हे साल कंपनीच्या ओळख क्रमांकातच असतं: L32102KA1945PLC020800. यातला L म्हणजे लिस्टेड आणि 1945 म्हणजे नोंदणीचं वर्ष. KA पाहून कंपनी कर्नाटकात जन्मली असं समजू नका. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं की राज्याची अक्षरं बदलतात, साल तेच राहतं. पुष्कळ जण हेच साल इश्यूचं म्हणून उतरवून घेतात, तिथे पहिली चूक होते.

पब्लिक इश्यूचं साल 1946. शेअर 100 रुपये दर्शनी किमतीचा होता आणि तेवढ्यालाच दिला, प्रीमियम नव्हता. त्या काळात भांडवल उभारणीवर सरकारचं नियंत्रण होतं आणि ते 1992 मध्ये उठलं. म्हणून 1992 आधीच्या इश्यूत आजच्यासारखा प्राइस बँड शोधायला जाऊ नका. बहुतेक शेअर दर्शनी किमतीला, नाहीतर सरकारनं मान्य केलेल्या प्रीमियमला दिलेले असत. इतक्या जुन्या इश्यूसाठी पहिलं ठिकाण म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरचं गुंतवणूकदारांचं पान. इश्यूचं साल आणि सगळ्या बोनसची यादी तिथेच एकत्र मिळते.

आता 1995. एनएसईची सगळ्या कंपन्यांची यादी EQUITY_L.csv या फाइलमध्ये उतरवून घेता येते. विप्रोची ओळ अशी आहे:

```
WIPRO,Wipro Limited,EQ,08-NOV-1995,2,1,INE075A01022,2
```

चौथा रकाना लिस्टिंगच्या तारखेचा. पण ते लिस्टिंग एनएसईवरचं, आणि एनएसईवर शेअरचे सौदेच मुळात नोव्हेंबर 1994 मध्ये सुरू झाले. त्यामुळे जुन्या कंपन्यांच्या तारखा तिथे 1995 च्या आसपास गर्दी करून दिसतात. रिलायन्सचा इश्यू 1977 चा, तरी या फाइलमध्ये 29-NOV-1995 आहे. माझा साधा नियम असा: या रकान्यात 1994 ते 1996 मधली तारीख दिसली आणि कंपनी त्याआधीची असली, तर ते पहिलं लिस्टिंग धरायचं नाही.

नव्या कंपनीत मात्र हाच रकाना भरवशाचा. टीसीएसच्या ओळीत 25-AUG-2004 आहे आणि ते खरंच पहिलं लिस्टिंग. तिथे घोळ होतो तो किमतीत. इश्यू उघडण्याआधी येणाऱ्या रेड हेरिंग प्रॉस्पेक्टसमध्ये फक्त बँड सापडतो, टीसीएसचा 775 ते 900 रुपये होता. ठरलेली किंमत, 850 रुपये, नंतरच्या अंतिम प्रॉस्पेक्टसमध्ये येते. सेबीच्या संकेतस्थळावर दोन्ही दस्तऐवज वेगवेगळे असतात, तेव्हा नाव नीट वाचून उघडा.

2000 हे अमेरिकेतलं. ऑक्टोबर 2000 मध्ये विप्रोनं न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर एडीएस, म्हणजे आपल्या शेअरवर आधारलेले तिकडचे रोखे, विकले, साधारण 41 डॉलरला एक. तिकडच्या लेखांत त्यालाच आयपीओ म्हणतात. भारतातल्या शेअरधारकाशी त्या किमतीचा संबंध नाही.

आता तुमचं सर्टिफिकेट उजेडात धरा आणि त्यावरची दर्शनी किंमत वाचा. शंभरची असेल तर कागद फार जुना, दहाची असेल तर 1999 च्या आधीचा, दोनची असेल तर नंतरचा. कारण 1999 मध्ये दहाच्या एका शेअरचे दोनचे पाच झाले. मोजणी कुठून सुरू करायची हे या एका आकड्यावर ठरतं. माझ्या मावशीच्या कागदावर दोन रुपये होते, आणि घरातल्यांनी ते न बघता 1999 चं विभाजन पुन्हा धरलं. आकडा पाचपट फुगला आणि भावंडांत उगाच बोलाचाली झाली.

समजा, तुमच्याकडे 1997 च्या बोनसच्या अगदी तोंडावरचा दहाचा एक शेअर आहे. 1997 ला एकास दोन बोनस, झाले 3. लक्षात घ्या, 2:1 बोनस म्हणजे दुप्पट नाही. नवे दोन आणि जुना एक, म्हणून तिप्पट. 1999 च्या विभाजनानं 15. 2004 ला पुन्हा एकास दोन, 45. 2005 ला एकास एक, 90. 2010 ला तीनास दोन, 150. 2017 ला एकास एक, 300. 2019 ला तीनास एक, 400. 2024 ला एकास एक, 800. एका शेअरचे आठशे. पण मधे कुणी विकले नसतील तरच. बोनसची सर्टिफिकेटं वेगळी यायची, त्यामुळे आजोबांनी ती विकून मूळ कागद तेवढा ठेवलेला असू शकतो. शेवटचा शब्द फोलिओ नंबरचा. तो घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे केफिन टेक्नॉलॉजीजकडे, शिल्लक विचारा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे गेलेले असतील. ते परत मिळतात, त्याचा अर्ज वेगळा. शिवाय साबणाचा धंदा 2013 मध्ये वेगळा काढून लिस्ट नसलेल्या विप्रो एंटरप्रायझेसकडे दिला. तेव्हा तुमच्या फोलिओच्या वाट्याला काय आलं, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

आणि इश्यू प्राइस तुम्ही कराच्या हिशेबासाठी शोधत असाल, तर 100 रुपयांचा तिथे काही उपयोग नाही. बाजारात विकताना जुन्या शेअरसाठी 31 जानेवारी 2018 चा त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, विक्रीच्या भावापेक्षा जास्त नाही एवढीच अट. त्या दिवशी वरच्या उदाहरणात शेअर 300 होते. नंतरच्या बोनसचे 500 शून्य किमतीचे धरायचे. हा भाव शेअरचे आलेख दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरून घेऊ नका. तिथे 2019 आणि 2024 च्या बोनसमुळे जुने भाव कमी करून दाखवलेले असतात, आणि तो आकडा घेतलात तर जादा कर भराल. बीएसईच्या जुन्या भावांच्या पानावर 507685 हा कोड टाकून त्या तारखेची ओळ काढा आणि तिची प्रत सर्टिफिकेटसोबत ठेवा.