राउटरच्या स्टिकरवरचा वाय-फाय पासवर्ड कसा वाचायचा?

"नवीन राउटर घेतलाय. खालच्या स्टिकरवर दोन-दोन पासवर्ड आहेत. वाय-फायचा कोणता? एक टाकून पाहिला तर मोबाइल चुकीचा म्हणतोय."

SSID या शब्दापुढे असतं ते नेटवर्कचं नाव. त्याच्या आसपासच Wi-Fi Key, WPA Key किंवा Wireless Password असं लिहिलेलं सापडेल. मोबाइलमध्ये तोच टाकायचा. 192.168.1.1 सारख्या पत्त्याजवळचं admin हे राउटरची सेटिंग उघडण्यासाठी असतं. वाय-फायचा असा पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा असावाच लागतो, त्यामुळे पाच अक्षरांचा admin तिथे चालणारच नाही.

ओळ बरोबर असूनही पासवर्ड चुकत असेल, तर बहुतेक वेळा एखादं अक्षर चुकीचं वाचलेलं असतं. माझ्या मावशीकडे असंच झालं. छपाई इतकी बारीक की तिसरं अक्षर शून्य आहे की इंग्रजी ओ, हे कळेना. मी आधी मोबाइलने स्टिकरचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. मग त्याच स्टिकरवरची MAC ही ओळ शोधली. त्या ओळीत ० ते ९ हे आकडे आणि A ते F एवढीच अक्षरं येतात, म्हणजे तिथलं गोल चिन्ह नक्की शून्यच. ते शून्य उभट, अरुंद होतं. पासवर्डमधलं गोल मात्र चांगलं रुंद. म्हणजे ते मोठं O. k7OmB4Rp असा पासवर्ड टाकला आणि लगेच जोडला गेला. दोन्ही ओळी एकाच वळणाच्या अक्षरांत छापलेल्या असतील तरच ही तुलना करा. B आणि 8 मध्ये घोटाळा वाटला तर डावी बाजू पाहा. B ची सरळ असते.

लहान-मोठं अक्षरही जसंच्या तसं हवं. मावशीने तोच पासवर्ड तिच्या मुलाला मेसेजमध्ये लिहून पाठवला, तेव्हा कीबोर्डने पहिला k आपोआप मोठा केला आणि त्याच्याकडे पुन्हा चुकीचा दाखवू लागला. त्यापेक्षा फोटोच पाठवा. टाकताना डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की आपण काय लिहितोय ते दिसतं.

आता मोबाइलच्या यादीत नाव तपासा. राउटर चालू आहे, पण स्टिकरवरचं नाव यादीत नाही आणि जवळच दुसरंच नाव जोरात दिसतंय, तर जोडणी करणाऱ्याने नाव-पासवर्ड बदललेला असण्याची शक्यता जास्त. मग स्टिकरवरचा पासवर्ड कितीही नीट वाचला तरी चालणार नाही. त्यालाच फोन करून विचारा. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून रीसेट केला तर स्टिकरवरचा पासवर्ड परत येतो खरा, पण फायबरच्या जोडणीत कंपनीने भरलेली सेटिंगही त्याबरोबर पुसली जाऊ शकते. मग वाय-फाय जोडलं जाईल, इंटरनेट मात्र येणार नाही. म्हणून त्याला विचारल्याशिवाय टाचणी लावू नका.