मर्यादा १०%, तरी मंजुरीविना ऑर्डर कशी?

प्रश्न: शिरोलीत आमचं कास्टिंगचं काम आहे. सेल्स मॉड्यूलमध्ये १०% च्या वर सवलत असेल तर साहेबांची मंजुरी लागते. तरी जास्त सवलतीची कोटेशनं थेट ऑर्डर कशी होतात?

उत्तर: बहुतेक तुमचा नियम फक्त सवलतीचा रकाना बघतोय. ग्राहकाच्या दरयादीत आधीच कमी झालेला दर त्याला दिसत नाही.

समजा, पंपाच्या केसिंगचा मूळ दर ४०० रुपये आहे आणि या ग्राहकाच्या यादीत ३६०. सेल्सवाल्याने त्यावर ५% दिले की दर ३४२ होतो. रकान्यात ५% दिसतात म्हणून कोटेशन सुटतं. मूळ दरापासून मात्र ५८ रुपये, म्हणजे १४.५% गेलेले असतात. मागच्या महिन्याच्या ऑर्डरी काढून मूळ दर, यादीचा दर आणि अंतिम दर शेजारी ठेवा, लगेच कळेल.

मंजुरीची अट अंतिम दर आणि मूळ दर यांच्या फरकावर लावा. यादीतला दर साहेबांनीच ठरवलेला असेल, तर त्या ग्राहकाची मर्यादा वेगळी ठेवा, नाहीतर रोजच मंजुरीला रांग लागेल.

आणि हे नक्की तपासा: मंजुरीनंतर नग किंवा दर बदलला तर मंजुरी आपोआप रद्द व्हायला हवी. ५०० नगांवर मिळालेला दर ५० नगांना जाताना मी स्वतः पाहिलाय.