‘धोका निम्मा’ म्हणजे नेमका किती?

प्रश्न: ‘परभणीत दवाखान्यात कोलेस्ट्रॉल कमी करणाऱ्या गोळीचं, रोसुवास्टॅटिनचं, जाहिरातीचं पत्रक मिळालं. हार्ट अटॅकचा धोका निम्मा होतो म्हणे. बाबा ६२ वर्षांचे, बीपी-शुगर काही नाही, कोलेस्ट्रॉल नॉर्मल. चालू करावी का?’

आधी पत्रकावर एकच गोष्ट शोधा: निम्मा, पण कितीचा निम्मा? हजारातल्या २०० जणांचे १०० झाले तरी निम्मा, आणि दोघांचा एक झाला तरी निम्माच.

याच रोसुवास्टॅटिनची ज्युपिटर नावाची चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यातली माणसं बरीचशी तुमच्या बाबांसारखीच होती: हृदयविकार नाही, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल १३० च्या खाली, फक्त शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं सीआरपी वाढलेलं. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी; प्रत्येक गटात ८,९०१ जण. औषध नसलेल्या गोळीवर ६८ जणांना अटॅक आला, औषधावर ३१ जणांना. ६८ चे ३१, म्हणजे निम्म्याहूनही कमी. जाहिरात खोटी नाही.

आता तेच आकडे हजार माणसांच्या गावावर मांडा. औषध नसताना साधारण ८ जणांना अटॅक, औषध घेतल्यावर साडेतीन. अटॅक वाचला तो हजारात चौघांचा. दुसऱ्या शब्दांत, जवळपास २४० जणांनी सुमारे दोन वर्षं रोज गोळी घेतली तेव्हा एकाचा अटॅक टळला. ‘६८ चे ३१’ या पहिल्या हिशेबाला सापेक्ष घट म्हणतात, ‘हजारात चौघे’ या दुसऱ्याला निरपेक्ष घट. बाबांसाठी ठरवायचं तर दुसरा हिशेब हवा.

काळ विसरू नका. ही चाचणी ठरल्यापेक्षा लवकर, सरासरी १.९ वर्षांतच थांबवली. अशा वेळी फायदा खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता असते. उलट, गोळी दहा वर्षं घेतली तर टळणारे अटॅकही वाढू शकतात. म्हणून ‘किती वर्षांत?’ हे विचारल्याशिवाय कुठलाच आकडा धरू नका.

सगळ्यात जास्त फसगत दुष्परिणामांच्या ओळीत होते. त्याच चाचणीत औषधाच्या गटात २७० जणांना नव्याने मधुमेह निघाला, दुसऱ्यात २१६ जणांना. पत्रक लिहिणारा फायदा ‘५४ टक्के घट’ असा छापेल आणि हा तोटा ‘फक्त ०.६ टक्के वाढ’ असा. दोन्ही बरोबर, पण मापं वेगळी. एकाच मापाने मोजलं तर अटॅक ५४ टक्के कमी, मधुमेह २५ टक्के जास्त. किंवा हजारात ४ अटॅक कमी, ६ मधुमेह जास्त. अर्थात अटॅक आणि मधुमेह सारख्या वजनाचे नाहीत, म्हणून नुसती वजाबाकी करून निकाल लावू नका.

डॉक्टरांना विचारा: ‘गोळी न घेता बाबांना पुढच्या दहा वर्षांत अटॅकचा धोका शंभरात किती?’ वय, बीपी, कोलेस्ट्रॉल, तंबाखू-विडी, शुगर यांवरून तो अंदाज काढता येतो. उत्तर ४ आलं तर निम्मं करून २ जणांचा फायदा, २० आलं तर १० जणांचा. बाबा तंबाखू खात असतील तर ते नक्की सांगा, आकडा तिथेच बदलतो.

आणि ज्यांना आधीच अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय, त्यांनी हे वाचून चालू गोळी बंद करू नये. त्यांचा मुळातला धोकाच मोठा असतो, त्यामुळे त्यांच्या निम्म्यात वाचणारी माणसंही कितीतरी जास्त.